पेटीतले ६,६८० रुपये

बचत गटाचा विषय निघाला की बोलणं पापड-लोणच्यांवर येतं. प्रदर्शनातले स्टॉल, गोधड्या, मसाले, मग कुणाची तरी यशोगाथा. पण गटाचा मूळ धंदा पापडाचा नव्हे. तो सावकारीचा आहे. शब्द टोचेल, पण काम तेच आहे : ठेवी घ्यायच्या, कर्ज द्यायचं, व्याज वसूल करायचं आणि सगळं वहीत उतरवायचं. वेगळेपण एवढंच, की इथे सावकार आणि कर्जदार एकाच सतरंजीवर बसतात आणि दर महिन्याला त्यांची अदलाबदल होत राहते. ही सावकारी नेमकी चालते कशी, हे गटाबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. कधी कधी तर गटातल्या बाईलाही नसतं. ती दोनशे रुपये देते, सही करते आणि घरी जाते.

म्हणून एका गटाची एका महिन्याची बैठक पैशापैशाने पाहू. हा गट मी उदाहरणासाठी मांडलेला आहे, पण त्यातलं सगळं रोज कुठल्या ना कुठल्या गावात घडतं. बारा बायका, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत, बैठक दर महिन्याच्या १० तारखेला देवळाच्या ओसरीवर. गटाला नुकतं वर्ष झालं आहे आणि आज तेरावी बैठक आहे.

बाराच का, वीस-पंचवीस का नाहीत? गट साधारण दहा ते वीस जणींचा असतो. वीसच्या मर्यादेचं मूळ जुन्या कंपनी कायद्यात आहे. १९५६च्या त्या कायद्यानुसार नफ्यासाठी वीसहून जास्त माणसं एकत्र आली, तर त्या मंडळाची नोंदणी करणं भाग होतं. गटाला तो उपद्व्याप नको होता. नोंदणी नसलेल्या अशा मंडळाला बँकेने दारात उभं करावं, यासाठी नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला आणि देशभरच्या गटांचा रस्ता तिथून रुंदावला. महाराष्ट्रात माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासून आहे आणि ‘उमेद’ अभियान २०११ पासून. या दोन्हींमुळे गटाच्या वह्यांना आज बराचसा एकसारखा नमुना आला आहे. ‘उमेद’च्या शिकवणीत पंचसूत्री असते : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पहिली चार सूत्रं बायका बोटांवर म्हणून दाखवतात. घोडं अडतं ते पाचव्यापाशी.

बैठकीला सुरुवात होते तेव्हा गटाकडे काय आहे? वर्षभरात बारा जणींनी भरलेली बचत २८,८०० रुपये. जमलेलं व्याज २,७४०. उशीर आणि गैरहजेरीचा दंड १६०. वह्या, शिक्का, बँकेत जायचं एसटीचं भाडं असा खर्च ४००. म्हणजे गटाचे एकूण ३१,३०० रुपये झाले. हे पैसे आहेत कुठे? २६,००० पाच बायकांकडे कर्जाऊ आहेत, ४,८५० बँकेत आहेत आणि ४५० पत्र्याच्या पेटीत. तिन्हींची बेरीज पुन्हा ३१,३०० येते. पैसा आला कुठून आणि आहे कुठे, या दोन प्रश्नांची उत्तरं एकच यायला हवीत. गटाचं सगळं हिशेबशास्त्र एवढ्यात मावतं.

हजेरी झाली. दहा जणी आल्या आहेत. अकरावी आजारी आहे, पण तिने जावेच्या हाती दोनशे पाठवलेत. बारावीचा निरोप नाही, पैसेही नाहीत. एक जण अर्धा तास उशिरा आली. तिला दहा रुपये दंड झाला आणि तिने कुरकुरत तो दिला. बचत जमली २,२०० रुपये.

इथे पहिला मोह होतो. बारावीचे दोनशे सचिव आपल्या पदरचे घालून मोकळी होऊ पाहते. ‘उद्या देईल ती, वही तरी पूर्ण दिसेल.’ वही पूर्ण दिसणं हीच खोड आहे. न आलेले दोनशे आले असं लिहिलं, की त्या बाईच्या खात्यावर बचत वाढते आणि सचिवाचं तिच्याकडे येणं मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. दोन महिन्यांनी भांडण होतं तेव्हा दोघीही खऱ्या असतात आणि वही खोटी. बरोबर रीत साधी आहे : बचतीच्या रकान्यात आडवी रेघ, बाजूला ‘बाकी २००’, आणि पुढच्या महिन्यात चारशे अधिक दंड.

आता कर्जाची वसुली. पाच कर्जं चालू आहेत. शिलाई मशीन घेतलेल्या बाईने १०,००० उचलले होते, हजाराचे चार हप्ते फिटले, बाकी ६,०००. शेळ्यांसाठी घेतलेल्या कर्जाची बाकी ८,०००, मुलीच्या कॉलेजच्या फीचे ५,०००, किराणा दुकानात माल भरायला घेतलेले ४,०००, आणि सासऱ्यांच्या दवाखान्यासाठी घेतलेले ३,०००. व्याज शेकडा दोन, म्हणजे महिन्याला शंभराला दोन रुपये.

हा दर ऐकून शहरी माणूस दचकतो. वर्षाला चोवीस टक्के! बँक गृहकर्ज याच्या अर्ध्याहून कमी दराने देते. खरं आहे. पण बँक तीन हजारांचं कर्ज दवाखान्यासाठी, कागदाशिवाय, त्याच दुपारी देत नाही. खासगीत उचलायला गेलं, तर शेकडा पाच किंवा दहा ऐकायला मिळतं, आणि तिथे हप्ता हा प्रकारच नसतो. सगळं मुद्दल एकदम आणून टाकेपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज चालू राहतं. खरा फरक दराइतकाच या शेवटच्या गोष्टीत आहे. मशीनवालीचंच पाहा. गटात व्याज उतरत्या बाकीवर लागतं. पहिल्या महिन्यात १०,००० वर २००, मग ९,००० वर १८०, मग १६०, असं करत दहाव्या महिन्यात हजारावर वीस रुपये. दहा महिन्यांचं एकूण व्याज ११०० रुपये. हाच दर, हीच मुदत, पण व्याज सरसकट मूळ रकमेवर धरलं तर दर महिन्याला २००, म्हणजे एकूण २,००० रुपये. तोंडाने दोन्हीकडे ‘दोन टक्के’च म्हटलं जातं. काही गट हिशेब सोपा पडतो म्हणून सरसकट व्याज धरतात आणि आपण सभासदाकडून जवळजवळ दुप्पट घेतो आहोत हे त्यांच्या लक्षातही येत नाही. कर्ज घेताना ‘किती टक्के’ हा निम्मा प्रश्न झाला. ‘कशावर’ हा उरलेला निम्मा.

तर मशीनवालीने ६,००० वर व्याज १२० आणि हप्ता १,००० असे ११२० रुपये सतरंजीवर ठेवले. शेळीवालीने १६० आणि हजार. फीवालीने १०० आणि पाचशे. दुकानवालीने ८० आणि हजार. दवाखान्याचं कर्ज असलेली म्हणाली, “ताई, या महिन्याला व्याजच घ्या. मालकांचा पगार झाला नाही.” तिने साठ रुपये दिले, मुद्दल आहे तिथेच राहिलं. हे चालतं. वाईट तेव्हा होतं, जेव्हा व्याजही येत नाही आणि सचिव ते साठ रुपये गुपचूप मुद्दलात मिळवून बाकी ३,०६० करते. असं केलं की पुढच्या महिन्यात व्याजावर व्याज लागतं, आणि वर थकबाकी दिसतही नाही. न आलेलं व्याज वेगळ्या रकान्यात थकीत म्हणून लिहायचं आणि हातात पडेपर्यंत ते उत्पन्नात धरायचं नाही.

व्याज जमलं ५२० रुपये. मुद्दल ३,५००. बचत २,२०० आणि दंड १०. आजची एकूण जमा ६,२३०, त्यात पेटीतले जुने ४५०. कोषाध्यक्ष नोटा मोजते, शेजारची पुन्हा मोजते आणि मोठ्याने सांगते : सहा हजार सहाशे ऐंशी. हा आकडा सगळ्यांच्या कानावर पडणं हा सोपस्कार नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या सभासदाकडे लेखापरीक्षणाचं साधन एकच असतं, तिचे कान. वृद्ध बायकांना मागच्या चार बैठकांचे आकडे पाठ असतात, हे वह्या तपासायला येणाऱ्या सीआरपी ताईंना चांगलं ठाऊक असतं. सीआरपी म्हणजे गावातलीच, दुसऱ्या गटात घडलेली, अभियानाने नेमलेली कार्यकर्ती.

पेटीत पैसे आले की लगेच मागण्या निघतात. आज तीन आहेत. एकीला नवऱ्याच्या औषधांसाठी ३,०००. दुसरीच्या विहिरीवरची मोटर जळाली आहे, वाइंडिंगला ३,०००. तिसरीच्या धाकट्या बहिणीचं मे महिन्यात लग्न, तिला ८,०००. मागणी १४,००० आणि पेटीत ६,६८०. गटाची खरी परीक्षा इथे होते, आणि पुस्तकी नियम इथे अपुरे पडतात. औषधाचं आधी, यावर वाद होत नाही. एप्रिलचं ऊन आणि उभी भाजी म्हटल्यावर मोटरचंही पटतं. लग्नाचं पुढच्या बैठकीवर जातं आणि ती बाई थोडी फुगून बसते. दोन्ही कर्जांचे ठराव होतात : रक्कम, कारण, किती हप्ते, व्याजदर, सूचक कोण, अनुमोदक कोण. सहा हजार वाटले, वह्या आणायला चाळीस रुपये गेले. पेटीत उरले ६४०.

इथे मला गटाशी थोडं भांडायचं आहे. बँकेत ४,८५० रुपये पडून होते. ते काढले असते तर लग्नवालीची निम्मी गरज आजच भागली असती. गटाने ते हात लावायचे नाहीत असं ठरवलं, कारण ‘बँकेत शिल्लक दिसली पाहिजे’. ही समजूत फार खोलवर रुतलेली आहे. बचत खात्यात हे पैसे महिन्याला दहा-बारा रुपये कमावतात. सभासदाकडे असते तर सत्त्याण्णव कमावले असते. शिवाय बँक गटाला कर्ज देताना खात्यातली शिल्लक एवढंच पाहत नाही. सभासदांची बचत, साठलेलं व्याज, अंतर्गत कर्ज फिरतं आहे का, परतफेड वेळेवर आहे का, हे सगळं प्रतवारीत येतं. अडीअडचणीला हजारभर रुपये हाताशी ठेवणं शहाणपणाचं आहे. पण गावातली बाई खासगीत शेकडा पाचने उचलते आणि तिच्याच गटाचे पैसे बँकेत झोपलेले असतात, तेव्हा गट कुणासाठी काढला हा प्रश्न पडतो.

वाटप झाल्यावर वह्या. प्रत्येक रुपया तीन ठिकाणी उतरतो. रोखकीर्दीत, म्हणजे आज काय आलं आणि काय गेलं त्या वहीत. खतावणीत, जिथे प्रत्येक सभासदाचं बचतीचं आणि कर्जाचं स्वतंत्र पान असतं. आणि तिसरं, सभासदाच्या स्वतःच्या पासबुकात. मशीनवालीच्या पासबुकात आजची ओळ अशी पडते : मुद्दल १,०००, व्याज १२०, बाकी ५,०००. चौथी वही ठरावांची, तिच्यात पैसे नसतात, पण कर्ज कुणाला आणि का दिलं याचा पुरावा तीच.

मग ताळा. बचत आता ३१,०००, व्याज ३,२६०, दंड १७०, खर्च वजा ४४०. गटाचे झाले ३३,९९० रुपये. दुसऱ्या बाजूला कर्जं : २६,००० मधून ३,५०० फिटले आणि ६,००० नवे गेले, म्हणजे २८,५००. बँकेत ४,८५०, पेटीत ६४०. बेरीज ३३,९९०. जुळलं.

जुळलं म्हणून सतरंजी उचलायची घाई करू नये. समजा, सचिवाने गडबडीत मशीनवालीचे ११२० रुपये सगळेच्या सगळे मुद्दलात लिहिले. तिची बाकी ५,००० ऐवजी ४,८८० झाली आणि गटाचं व्याज ५२० ऐवजी ४०० दिसलं. आता ताळा मांडा. गटाचे पैसे १२० ने कमी भरतात, येणं कर्जही १२० नेच कमी भरतं आणि दोन्ही बाजू बिनबोभाट जुळतात. पेटीतल्या नोटाही बरोबर. वही चुकलेली आहे आणि ताळा मात्र छान हसतो आहे. पन्नासाची नोट हरवली तर ताळा ओरडेल. रक्कम चुकीच्या रकान्यात गेली तर तो गप्प बसतो.

ही चूक पकडायचा उपाय फारच सोपा आहे, आणि तो कुणी कसा शिकवत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. मागच्या महिन्याअखेर एकूण कर्जबाकी किती होती? २६,०००. त्याचे दोन टक्के किती? ५२०. या महिन्यात व्याज जमा किती? ५२० असेल तर ठीक. ४०० असेल तर १२० रुपये कुणाच्या तरी मुद्दलात शिरलेत, किंवा कुणीतरी व्याज दिलेलं नाही आणि ते थकीत म्हणून लिहिलेलं नाही, किंवा पैसे सतरंजीवरून वहीपर्यंत पोचलेच नाहीत. कारण कुठलं, ते पाच पासबुकं उघडली की कळतं. त्यासाठी पासबुकं सभासदांच्या घरी असायला हवीत. बऱ्याच गटांत ती सगळी सचिवाच्या कपाटात रबरबँड लावून ठेवलेली असतात, ‘हरवायला नकोत म्हणून’. सचिवाच्या हाती तीनही नोंदी असतील तर तीन ठिकाणी लिहिण्याला काही अर्थ उरत नाही. एकाच हाताने तीनदा लिहिलेली ती एकच नोंद.

अशा वह्या ओळखता येतात. सहा महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या असतात. सह्या एका ओळीत एकसारख्या कलतात. रकमा सगळ्या गोल, शंभराच्या पटीत. व्याजाचे वीस-साठ रुपये कुठे दिसत नाहीत. बहुतेक वेळा यामागे लबाडी नसते. सचिवाला लिहिता येत नाही म्हणून तिचा दहावीतला मुलगा रविवारी बसून सगळं उतरवतो, एवढंच. पण मुलगा बैठकीला नसतो. त्याला आई जे सांगते ते तो लिहितो आणि आईला जे आठवतं ते ती सांगते.

लबाडीचाही एक प्रकार आहे, आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. सोसायटीच्या पीककर्जात ज्याला नवं-जुनं म्हणतात, तोच गटात येतो. एखादीचे पाच हजार आठ महिने थकलेत. तपासणी जवळ आली. मग रोखकीर्दीत तिने पाच हजार आठशे भरले असं दिसतं : मुद्दल पाच हजार आणि व्याज आठशे. आणि त्याच तारखेला, दोन ओळी खाली, तिलाच पाच हजार आठशेचं नवीन कर्ज. पेटीतून एक नोट हललेली नसते. थकबाकी पुसली जाते, परतफेडीचं प्रमाण शंभर टक्के दिसतं, आणि वर आठशे रुपये व्याज उत्पन्नात येतं, जे कुणी कधी दिलेलं नाही. आपण मघाशी पाहिलेली दोन टक्क्यांची चाचणी इथे उलट बाजूने बोलते : त्या महिन्याचं व्याज अपेक्षेपेक्षा भलतंच जास्त येतं. एकाच तारखेला, एकाच नावावर, परतफेड आणि नवं कर्ज जवळपास एकाच रकमेचं दिसलं, की थांबून विचारावं. थकबाकीदार बाईला मुदत वाढवून देण्यात गैर काही नाही. ‘पाच हजार बाकी, आठशे व्याज थकीत, हप्ता पाचशेचा करून मुदत वाढवली’ असा ठराव लिहिला की झालं. त्यात गटाची इभ्रत जात नाही.

गटाला बँकेचं कर्ज मिळू लागलं की हिशेब एका पायरीने वाढतो. तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्के वार्षिक दराने मिळण्याची सोय आहे. तो पैसा गट पुढे सभासदांना आपल्या दराने देतो. अशा वेळी स्वतःच्या बचतीतून दिलेलं कर्ज आणि बँकेच्या पैशातून दिलेलं कर्ज यांची पानं वेगळी ठेवावी लागतात, नाहीतर बँकेचा हप्ता भरायला कुणाचा पैसा वापरला गेला ते कळेनासं होतं. त्याचा तपशील हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता व्याजाचं काय होतं ते पाहू, कारण गटाबद्दलचं सगळ्यात आवडतं वाक्य तिथे येतं : ‘आपलं व्याज आपल्याच घरात राहतं.’ वाक्य गटापुरतं खरं आहे, बाईपुरतं नेहमीच खरं नसतं. वर्षाखेर आपल्या गटाचा नफा किती होता? व्याज २,७४० आणि दंड १६०, वजा खर्च ४००. अडीच हजार. बारा जणींत वाटला तर प्रत्येकीला २०८ रुपये. ज्या बाईने वर्षभरात चारशे रुपये व्याज भरलं, तिला २०८ परत मिळाले. जिने एकदाही कर्ज घेतलं नाही, तिलाही २०८. सगळ्या जणी आलटून पालटून कर्ज घेत असतील तर चार-पाच वर्षांत हे फिटून जातं. पण चारच बायका सतत कर्ज घेतात आणि आठ नुसती बचत करतात, अशा गटात अडलेल्या घरांतून सुस्थितीतल्या घरांकडे दर महिन्याला थोडा पैसा वाहत राहतो. गावात हे कुणी बोलत नाही, पण कर्ज घेणाऱ्या बायकांना ते कळत असतं. काही गट म्हणूनच दर शेकडा एकवर आणतात. काही गट नफा वाटतच नाहीत. तो गटाच्या निधीत राहू देतात, त्यातून कर्ज मोठं होतं आणि बँकेपुढे गटाचं वजनही वाढतं. मला हा दुसरा मार्ग बरा वाटतो. दिवाळीला दोनशे रुपये आणि स्टीलचा डबा घेण्यापेक्षा अडचणीच्या वेळी आठ हजार मिळण्याची सोय मोठी.

तरी वाटपाची वेळ येतेच. कुणी लग्न होऊन जाते, कुणी गाव सोडते, कुणी मध्येच येते. मध्येच आलेलीचा हिशेब हा गटातल्या भांडणांचा हमखास विषय असतो. समजा, आपल्या गटात सातव्या महिन्यात तेरावी बाई आली. तिने सहा महिने बचत केली, १,२०० रुपये. बाकीच्यांची प्रत्येकी २,४००. नफा तोच अडीच हजार धरू. तिला किती द्यायचे?

सरळ तेरा वाटे केले तर सगळ्यांना १९२. जुन्या बायका म्हणणार, आम्ही वर्षभर घातले, हिला सारखं कसं? मग बचतीच्या प्रमाणात करू. एकूण बचत ३०,०००, तिची १,२००, म्हणजे चार टक्के. तिला १००, बाकीच्यांना प्रत्येकी २००. हे न्यायाचं दिसतं आणि बहुतेक गट इथेच थांबतात. पण पैसा किती काळ गटात फिरला, हा प्रश्न उरतोच. जुन्या बाईचे पहिले दोनशे रुपये बारा महिने कामाला होते, दुसरे अकरा महिने, शेवटचे एक महिना. बारापासून एकपर्यंतची बेरीज ७८. दोनशेने गुणलं की १५,६००. नवीचे पहिले दोनशे सहा महिने राहिले. सहापासून एकपर्यंत २१. दोनशेने गुणून ४,२००. बचत निम्मी, पण पैशाने केलेलं काम जुनीच्या पावपटीहून थोडंसंच जास्त. या हिशेबाने तिला ५५ रुपये मिळतात आणि जुन्यांना २०४.

१९२, १०० की ५५? गणिताने शेवटचं उत्तर सगळ्यात चोख आहे. पण पहिल्या सहा महिन्यांत गटाकडे पैसा थोडा होता, कर्जंही छोटी होती आणि व्याजही कमी होतं. खरी कमाई झाली ती उत्तरार्धात, जेव्हा नवीही पैसे घालत होती. असं म्हणून ती शंभर मागेल, तर तिचंही चुकलं नाही. म्हणून हा प्रश्न ती आल्यावर सोडवायचा नसतो, ती यायच्या आधी सोडवायचा असतो. आपल्या गटाने तो तेराव्या बैठकीतच हाती घेतला, पेटीला कुलूप लावायच्या आधी. वाद अर्धा तास चालला. लग्नवाली बाई फुगलेली होती, तीच शेवटी म्हणाली, “काकू, गुणाकार नको. समजावून सांगता आला पाहिजे सगळ्यांना.” मग ठरावाच्या वहीत लिहिलं गेलं : मध्येच येणाऱ्या सभासदाला वाटा बचतीच्या प्रमाणात. खाली दहा सह्या झाल्या, त्यांतले तीन अंगठे. किल्ली एकीने घेतली, पेटी दुसरीने.